गावाचे जुने नाव एक आणि नकाशावरचे दुसरे, असे का? विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजी एक नाव सांगते, जुन्या इंग्रजी नकाशावर दुसरेच छापलेले असते आणि मोबाइलवरच्या नकाशात तिसरे दिसते. यातले खरे कोणते, असा प्रश्न पडतो. तिन्ही खरी असू शकतात. त्यांच्यात फरक कसा पडला हे ओळखता आले की कोडे सुटते. खाली मुख्य उदाहरण वसईचे घेतले आहे, कारण नाव बदलण्याचे बहुतेक प्रकार त्या एका तालुक्यात सापडतात. जो प्रकार तिथे नाही, त्यासाठी धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर यांची मदत घेतली आहे.

जुने आणि नवे नाव वेगळे दिसले, म्हणजे कुणीतरी नाव बदलले असेच ना?

नाही. घाई होते ती इथेच. बहुतेक वेळा नाव बदललेले नसते, फक्त त्याचा उच्चार किंवा ते लिहिण्याची पद्धत बदललेली असते.

तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरते. पहिला, लोकांच्या तोंडी शेकडो वर्षांत झिजलेले नाव: शूर्पारकचे सोपारा झाले. दुसरा, बाहेरून आलेल्यांनी आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत लिहिलेले नाव: वसईचे बेसिन झाले. तिसरा, सत्तेने हुकूम काढून दिलेले वेगळे नाव: धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि नंतर पुन्हा धाराशिव. पहिल्या दोन प्रकारांत जुने आणि नवे नाव शेजारी ठेवून मोठ्याने वाचले तर अक्षरांचा मेळ दिसतो. तिसऱ्यात काहीच मेळ नसतो. वसई आणि बेसिन यांत मेळ आहे हे पहिल्यांदा पटत नाही, पण पुढे पाहू.

वसईचे बेसिन कसे झाले? दोन्ही शब्द तर अगदी वेगळे वाटतात.

मधली एक पायरी डोळ्यांआड गेल्यामुळे तसे वाटते. मराठीतून नाव थेट इंग्रजीत गेले नाही, ते पोर्तुगीज भाषेतून गेले.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर 1534 मधल्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी ऐकलेले नाव Baçaim असे लिहिले. यातल्या c च्या खाली शेपटी आहे, आणि तसे लिहिले की त्याचा उच्चार ‘क’ होत नाही, ‘स’ होतो. म्हणजे मधला ‘स’ जागेवरच राहिला. पहिल्या अक्षरात ‘व’चा ‘ब’ झाला. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या बोलींत ब आणि व हे दोन वेगळे आवाज मानत नाहीत, आणि आपल्याकडेही वन-बन अशा जोड्या आहेतच, त्यामुळे यात फार नवल नाही. शेवटच्या ‘ई’ला त्यांनी नाकातला उच्चार दिला आणि तो दाखवायला m जोडला. हा m स्वतंत्र ‘म’ म्हणून वाचायचा नसतो.

हे सगळे योगायोगाने झाले नाही याचा पुरावा शेजारीच आहे. मुंबईचे पोर्तुगीज लेखन Bombaim असे आहे. मराठीत ‘-ई’ने संपणारी दोन नावे पोर्तुगीजांच्या लेखणीतून ‘-im’ने संपून बाहेर आली. एकच बदल दोन ठिकाणी सारखा दिसला की त्यामागे नियम असण्याची शक्यता वाढते. नावांचा अभ्यास अशा जोड्यांवरच उभा राहतो.

पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज लेखन उचलले आणि आपल्या वळणाने ते Bassein असे केले. c खालची शेपटी गेली, तिच्या जागी दोन s आले. शेवटचा नाकातला उच्चार आता सरळ ‘न’ झाला.

म्हणजे मधल्या काळात लोक बेसिन म्हणत होते का?

गावातले लोक वसईच म्हणत होते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये किल्ला घेतला, ती मोहीम मराठीत वसईची मोहीम म्हणूनच ओळखली जाते. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला करार मराठी पुस्तकात ‘वसईचा तह’ असतो आणि इंग्रजी पुस्तकात Treaty of Bassein. परीक्षेत हे दोन वेगळे तह समजून उत्तर लिहिणारी मुले असतात. तह एकच आहे.

एकाच वेळी एका गावाची दोन नावे चालू असणे अगदी साधी गोष्ट आहे. एक घरातले, एक कचेरीतले. नकाशा कचेरीत तयार होतो, म्हणून त्यावर कचेरीतले नाव येते.

बेसिन हे नाव आता कुठेच उरले नाही का?

उरले आहे, आणि रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून जाते. वसई रोड स्थानकाचा रेल्वे संकेत BSR आहे, कारण स्थानकाचे आधीचे नाव बेसिन रोड होते. पाटीवरचे नाव बदलले, पण संकेत तोच राहिला. ठाण्याचा संकेत TNA आणि खडकीचा KK, त्यामागे Tanna आणि Kirkee ही जुनी इंग्रजी लेखने आहेत. तुमच्या गावाला स्थानक असेल तर त्याचा संकेत आजच्या नावाशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर त्यात जुने लेखन दडलेले असण्याची बरीच शक्यता आहे. मात्र ही खूण दर वेळी उपयोगी पडेलच असे नाही, कारण काही संकेतही नंतर बदलले: मुंबई सेंट्रलचा BCT होता, तो आता MMCT झाला आहे.

ठाण्याची तर Tanna, Thana, Thane अशी तीन लेखने दिसतात. ती कशी?

नाव एकच आहे, लिहिण्याचे तीन काळ आहेत.

पहिल्या काळात प्रत्येक साहेब आपल्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहीत असे. ‘ठ’ आणि ‘ट’ यांतला फरक इंग्रजी कानाला सहसा कळत नाही, म्हणून Tanna. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी गेली ती या Tanna ला. खडकीचे Kirkee झाले तेही असेच: ‘ख’मधला ‘ह’कार गळला, ‘ड’चा ‘र’ झाला आणि शेवटच्या ‘ई’साठी ee आले.

त्यामुळे एकाच गावाची पाच कागदांवर पाच लेखने होऊ लागली. हा गोंधळ आवरण्यासाठी विल्यम विल्सन हंटर या अधिकाऱ्याने 1870 च्या सुमारास एक पद्धत बसवली आणि सरकारने ती स्वीकारली. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरासाठी ठरलेले रोमन अक्षर, असा तिचा मूळ नियम. ‘ठ’साठी th आले आणि Tanna चे Thana झाले. पण जी लेखने फार रुळली होती ती तशीच ठेवायची, अशी सूटही त्याच पद्धतीत होती. म्हणून Bombay आणि Poona पुढेही कितीतरी वर्षे टिकली. गावे नियमाने बदलली आणि मोठी शहरे सवयीने राहिली, हे उलटेच वाटते, पण झाले तसेच.

तिसऱ्या काळात, स्वातंत्र्यानंतर, मराठी उच्चाराला मान मिळाला. मराठीत आपण ठाणा म्हणत नाही, ठाणे म्हणतो, म्हणून शेवटी e आला.

मग आता नकाशावरचे रोमन लेखन वाचून मूळ मराठी नाव ओळखता येते का?

खात्रीने नाही, आणि आजच्या चुकांचे हे मोठे कारण आहे. साध्या रोमन लेखनात ‘त’ आणि ‘ट’ दोघांसाठी t, ‘थ’ आणि ‘ठ’ दोघांसाठी th, ‘न’ आणि ‘ण’ दोघांसाठी n, ‘ल’ आणि ‘ळ’ दोघांसाठी l येतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या आडव्या रेघाही छापील नकाशावर बहुधा गाळलेल्या असतात.

मराठीतून रोमनमध्ये जाताना माहिती गळते आणि परत येताना ती कुणी अंदाजाने भरते. रायगड जिल्ह्यातले पेण Pen असे लिहिले जाते, आणि संगणक त्याचे सहज ‘पेन’ करून टाकतो. देवनागरीतले नाव दिसते म्हणजे ते मराठी माणसाने लिहिले असेल, असे म्हणूनच समजू नका. नाव तपासायचे तर देवनागरीतच तयार झालेला कागद शोधा: सातबारा, ग्रामपंचायतीची पाटी, जुना दस्त.

गावातलेच लोक नाव झिजवतात म्हणजे नक्की काय होते?

वसईजवळचे सोपारा घ्या. प्राचीन संस्कृत ग्रंथांत या बंदराचे नाव शूर्पारक आहे. पाली भाषेत ते सुप्पारक होते. नाशिकच्या लेण्यात सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा उषवदाताचा लेख आहे, त्यात शोर्पारग असे रूप येते आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखात सोपारक. आज सोपारा.

आता अक्षरे एकेक करून पाहा. ‘श’चा ‘स’ झाला. ‘र्प’ हे जोडाक्षर आधी ‘प्प’ झाले आणि मग साधा ‘प’. ‘ऊ’चा ‘ओ’ झाला. शेवटचा ‘क’ गळला आणि तिथे ‘आ’ राहिला. यातला प्रत्येक बदल मराठीत इतर शब्दांतही झालेला आहे. ‘सर्प’चा ‘साप’ होताना ‘र्प’चे हेच झाले, ‘घोटक’चा ‘घोडा’ होताना शेवटच्या ‘क’चे हेच झाले. प्रतिष्ठानचे पैठण झाले तेही याच वाटेने: ‘प्र’मधला ‘र’ गेला, मधला ‘त’ गेला, ‘ष्ठ’चा ‘ठ’ उरला. हा बदल कुणी ठरवून केला नाही, म्हणून त्याची तारीख कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. फार तर अमुक शतकातल्या लेखात अमुक रूप आहे, एवढे सांगता येते.

आमच्या गावाच्या नावाची एक गोष्ट सांगतात. राजा इथे थांबला, काहीतरी म्हणाला आणि त्यावरून नाव पडले. ती खरी मानावी का?

गोष्ट लिहून ठेवा, पण पुरावा म्हणून वापरू नका. नावाचा अर्थ विसरला गेला की लोक त्याला ओळखीच्या शब्दाशी जोडतात आणि मग त्या शब्दाला साजेशी गोष्ट तयार होते. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

तपासायची रीत सोपी आहे. आधी नावाचे सर्वांत जुने लिखित रूप शोधा आणि गोष्ट त्या रूपाला लागू पडते का ते पाहा. सोपाऱ्याला ‘पारा’ या शब्दावरून कुणी गोष्ट रचली, तर ती शोर्पारग या रूपापाशी अडते. जी गोष्ट फक्त आजच्या उच्चाराला लागू पडते, ती बहुधा आजच्या उच्चारानंतरची असते.

आणि हुकुमाने बदललेले नाव? ते एका दिवसात सगळीकडे बदलते का?

हुकुमाची तारीख सांगता येते, हा या प्रकाराचा फायदा. पण एका तारखेने काम भागत नाही.

धाराशिवला हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून उस्मानाबाद हे नाव मिळाले. औरंगाबादचे मूळ खडकी. मलिक अंबरने 1610 मध्ये तिथे राजधानी वसवली, त्याच्या मुलाने तिला फतेहनगर म्हटले आणि औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद हे नाव आले. आजची पद्धत अशी की शहराचे नाव बदलण्याचा प्रस्ताव राज्य सरकार पाठवते आणि केंद्रीय गृह मंत्रालय ना-हरकत देण्यापूर्वी रेल्वे, टपाल खाते आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांना विचारते. या पद्धतीची मार्गदर्शक सूत्रे 1953 ची आहेत. त्याच नावाचे दुसरे गाव राज्यात किंवा शेजारी असेल तर घोटाळा होईल, याकडेही त्यांत लक्ष वेधले आहे.

या दोन शहरांना फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. पण तेव्हा फक्त शहरांची नावे बदलली. जिल्ह्यांची अधिसूचना सप्टेंबर 2023 मध्ये निघाली. मधले काही महिने शहर धाराशिव आणि जिल्हा उस्मानाबाद अशी स्थिती होती. 2024 ची लोकसभा निवडणूक मात्र ‘उस्मानाबाद’ आणि ‘औरंगाबाद’ याच मतदारसंघांत झाली, कारण मतदारसंघांची नावे 2008 च्या परिसीमन आदेशात आहेत आणि तो आदेश वेगळा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकाचे नाव तर ऑक्टोबर 2025 मध्ये बदलले. म्हणून ‘नाव कधी बदलले’ असे विचारू नका. कशाचे नाव, शहराचे, जिल्ह्याचे, स्थानकाचे की मतदारसंघाचे, हे आधी ठरवा.

जुन्या कागदात सापडलेले नाव आमच्याच गावाचे आहे हे कसे ठरवायचे?

एकाच नावाची अनेक गावे असतात, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. सतराव्या शतकातल्या कागदात ‘खडकी’ आले की पुण्याजवळची खडकी समजण्याचा मोह होतो, पण ते आजचे छत्रपती संभाजीनगर असू शकते. Bassein असे टाइप करून शोधले तर ब्रह्मदेशातले एक शहरही समोर येते, कारण इंग्रज तिथल्या पथेइनलाही Bassein च म्हणत. वसई सुमारे 19.4 उत्तर अक्षांशावर आहे आणि पथेइन सुमारे 16.8 वर, त्यामुळे अक्षांश पाहिला की लगेच निवाडा होतो. जुन्या नकाशावर रेखांशापेक्षा अक्षांशावर जास्त भरवसा ठेवा. सगळ्या जुन्या नकाशांवर रेखांश ग्रीनिचपासून मोजलेले नसतात, त्यामुळे तेच गाव काही अंश सरकलेले दिसू शकते.

मराठी कागदात नावाच्या आगेमागे पत्ता असतो. ‘मौजे’ म्हणजे खेडे, ‘कसबे’ म्हणजे पेठ असलेले मोठे गाव, त्यापुढे तर्फ आणि परगणा हे अनेक गावांचे महसुली विभाग. हा पत्ता जुळला तरच गाव जुळले. मोडी कागदात इ-ई आणि उ-ऊ यांचा भेद बहुधा पाळत नाहीत, म्हणून ‘वसइ’ आणि ‘वसई’ ही वेगळी रूपे धरू नका. नाव विभक्तीतही येते. ‘ठाण्यास’ किंवा ‘पुण्याहून’ दिसले तर मूळ रूप ठाणे आणि पुणे. ‘ठाण्या’ नावाचे गाव शोधत बसाल तर ते सापडणार नाही.

नाव तेच, पण नकाशावर जागा वेगळी दिसते. मग काय?

गावाचा मध्यच सरकलेला असतो. जुन्या नकाशावर Bassein हे अक्षर किल्ल्यापाशी असते. वसई रोड स्थानक किल्ल्यापासून काही किलोमीटर आत, माणिकपूर-नवघर भागात आहे. स्थानकाच्या नावातला ‘रोड’ हा शब्द तेच सांगतो: इथे उतरा आणि रस्त्याने वसईला जा. पुढे वस्ती स्थानकाभोवती वाढली आणि बाहेरचे लोक त्या भागालाच वसई म्हणू लागले. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा त्या नावाखाली पूर्वीची कितीतरी स्वतंत्र गावे आली. नालासोपारा हे नावही असेच, दोन गावांची नावे जोडून झालेले. तुमच्या आजीचे ‘जुने नाव’ कदाचित शहराचे नसेलच. शहराने पोटात घेतलेल्या एखाद्या वाडीचे असेल.

आमच्या गावासाठी हे काम वर्गात कसे करायचे?

वहीच्या दोन पानांवर पाच रकाने आखा: वर्ष, कागद, लिपी, नाव जसे लिहिले आहे तसे, आणि जागा. चौथ्या रकान्यात एकही अक्षर सुधारू नका. चुकीचे वाटणारे अक्षरच नंतर उपयोगी पडते.

आजच्या नोंदीपासून सुरू करून मागे जा. सातबाऱ्यावरचे गावाचे नाव घ्या. मग 2011 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतले. तिथे गावाला सहा अंकी संकेतही असतो, तो उतरवून घ्या, कारण एकाच तालुक्यातली दोन सारख्या नावांची गावे त्याने वेगळी करता येतात. त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा पाहा, त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. त्याआधीचे नकाशे 1 इंचाला 1 मैल या प्रमाणाचे असतात, म्हणून दोन्हींवर अंतर मोजताना आकडे सरळ ताडून पाहू नका. मग मुंबई इलाख्याचे गॅझेटियर. ठाणे जिल्ह्याचे खंड 1882 चे आहेत आणि त्यांतला स्थळवर्णनाचा भाग चौदाव्या खंडात आहे. राज्याच्या दर्शनिका विभागाने अनेक जुनी गॅझेटियर वाचायला उपलब्ध केली आहेत. शेवटी गावातले शिलालेख, चर्च, मंदिर किंवा मशिदीवरची अक्षरे आणि जुन्या टपालावरचे शिक्के.

खुल्या नकाशावर, म्हणजे OpenStreetMap वर, गावाच्या बिंदूला जोडलेली नावेही वाचता येतात. तिथे अशा किल्ल्या, म्हणजे माहितीच्या रकान्यांची नावे, दिसतात:

```
name
name:mr
old_name
alt_name
```

old_name मध्ये काही असेल तर ते कुणा स्वयंसेवकाने भरलेले असते. त्याला एक धागा समजा आणि वहीत कागद म्हणून नोंदवू नका, जोवर ते नाव दुसऱ्या कागदात सापडत नाही.

सगळ्या नोंदी वर्षाच्या क्रमाने लावल्या की पाहायचे ते एवढेच: दोन लागोपाठच्या नोंदींत अक्षरांचा मेळ तुटतो का? मेळ हळूहळू सरकत गेला असेल तर नाव झिजले आहे. फक्त लिपी बदलली तिथे उडी दिसली तर ती लेखनाची. आणि एकाच लिपीत, थोड्याच वर्षांत, काहीही मेळ नसलेले नाव समोर आले तर त्या दोन वर्षांमधले राजपत्र शोधायला लागा.